तात तात तात: मराठीत यमक इतकं पटकन का जुळतं, आणि तरी कविता कंटाळवाणी का होते

फेब्रुवारी आला की २७ तारखेच्या मराठी भाषा गौरव दिनाची शाळांमधे गडबड सुरू होते आणि घरोघरी एक गृहपाठ येऊन पडतो, 'यमक जुळणारी आठ ओळींची कविता लिहून आणा'. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांमधे मराठी सक्तीचं झालं, त्यामुळे आता इंग्लिश मीडियमची मुलंही यात आहेत, आणि त्यांचे आईबाबा रात्री साडेनऊला फोन करून विचारतात की 'पाऊस'ला काय जुळतं. मी ठाण्याला राहते, बहीण सीवूड्सला, आणि माझी भाची चौथीत आहे, तर यंदा तो फोन मला आला. भाचीनं कविता लिहून ठेवलेली होती, विषय फ्लेमिंगो, कारण हिवाळ्यात नेरुळच्या तलावाकडे गेलं की ते दिसतातच. बहिणीचं म्हणणं एवढंच की, सगळं जुळतंय गं, पण वाचताना कसंतरीच वाटतंय, काय चुकलंय ते सांग.

कविता अशी होती:

फ्लेमिंगो दूरून येतात
खाडीवरती बसतात
चिखलात किडे शोधतात
चोच घालून खातात
गुलाबी ते दिसतात
सगळ्यांना आवडतात
उन्हाळा संपला की उडतात
परत कच्छला जातात

चौथीच्या मुलीनं स्वतः लिहिलंय, माहिती छान आहे, आणि बहिणीचं म्हणणंही बरोबर आहे, वाचताना कसंतरीच वाटतं. का वाटतं ते समजून घ्यायला आधी आपलं वाक्य कसं बनतं ते बघावं लागेल.

यमक आपोआप का जुळतं

यमक म्हणजे ओळींच्या शेवटी सारखा आवाज येणं, एवढंच धरून चालू. मराठीत क्रियापद बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतं. आणि क्रियापदाचे दोन तुकडे असतात, पुढचा तुकडा म्हणजे धातू, ज्यात अर्थ असतो (बस, उड, खा), आणि मागचा तुकडा म्हणजे प्रत्यय, जो कोण, किती आणि कधी ते सांगतो (तो, ते, तात, ला, ली, एल). धातू हजारो आहेत, प्रत्यय मात्र मोजकेच. म्हणजे वाक्याच्या अगदी टोकाला, जिथे यमक लागतं नेमक्या तिथेच, भाषेनं मोजकेच तुकडे ठेवलेत. तुम्ही काही न करता दोन वाक्यं एकाखाली एक लिहिली, दोन्हींचा कर्ता एकच असला आणि काळ एकच असला, की शेवट जुळलाच.

त्यात अजून एक गंमत आहे. वर्तमानकाळात एकवचनाला तीन वेगळे शेवट असतात, तो येतो, ती येते, ते येतं. अनेकवचनाला मात्र तिन्ही लिंगांना एकच, मुलगे येतात, मुली येतात, मुलं येतात. आणि मुलांच्या कवितेचे विषय बघा, पक्षी, झाडं, फुलं, ढग, सैनिक, सगळं अनेकवचनी आणि सगळं नेहमी घडणारं, म्हणजे वर्तमानकाळ. म्हणून दहातल्या बऱ्याचशा कविता 'तात'वर जाऊन बसतात, त्यात मुलांची काही चूक नाही.

पण जुळतंय ना, मग प्रॉब्लेम काय?

हा प्रश्न बहिणीनं विचारला आणि तो अगदी योग्य आहे. याचं उत्तर शाळेच्या गणवेशात आहे. प्रार्थनेला उभा असलेला वर्ग मागून बघितला तर सगळी मुलं सारखीच दिसतात, पण म्हणून कुणी त्यांना भावंडं म्हणत नाही, कारण सारखे आहेत ते कपडे. चेहरे बघितल्यावर कळतं कोण कुणाचं. प्रत्यय हा गणवेश आहे आणि धातू हा चेहरा. 'बसतात' आणि 'शोधतात' यांचा फक्त गणवेश सारखा आहे.

म्हणून मी एक साधी टेस्ट वापरते, प्रत्ययावर बोट ठेवून तो झाकायचा आणि उरलेलं मोठ्यानं वाचायचं. भाचीच्या कवितेत 'तात' झाकलं की उरतं: ये, बस, शोध, खा, दिस, आवड, उड, जा. आता दोन-दोन ओळींच्या जोड्या बघा, ये-बस, शोध-खा, दिस-आवड, उड-जा. एकही जोडी जुळत नाही! खा आणि जा जुळतात पण ते चार ओळी लांब आहेत, आवड आणि उड मधे 'ड' सारखा आहे पण आधीचा स्वर वेगळा, एकात अ आणि दुसऱ्यात उ. म्हणजे आठ ओळींच्या यमकाच्या कवितेत यमक असं जवळजवळ नाहीच, एकच अक्षरजोडी आठ वेळा परत आली आहे आणि कानाला नेमकं तेच कळतं, फक्त सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट यमकापेक्षा मोठी आहे. प्रत्येक ओळ क्रियापदावर संपते म्हणजे प्रत्येक ओळीला वाक्यही संपतं. आठ ओळी, आठ पूर्णविराम, आठही वाक्यांची बांधणी तीच, ते हे करतात, ते ते करतात. तिसऱ्या ओळीपर्यंत वाचणाऱ्याला पुढचा शेवट आधीच माहीत असतो आणि मग तो कवितेकडे यादी म्हणून बघायला लागतो. यमकात खरी मजा असते ती शब्द कुठला येईल हे माहीत नसताना तो आवाज बरोबर येऊन बसण्यात.

गझल लिहिणाऱ्यांकडे याचा पक्का नियमच आहे. गझलेत शेवटी जे जसंच्या तसं परत येतं त्याला रदीफ म्हणतात आणि त्याच्या आधी जे जुळावं लागतं तो काफिया. नुसता प्रत्यय सारखा असला तर तो काफिया म्हणून सहसा चालत नाही. आपली बोट ठेवायची टेस्ट म्हणजे तेच, घरगुती पद्धतीनं.

म्हणजे क्रियापद शेवटी घ्यायचंच नाही का?

घ्यायचं, बिनधास्त घ्यायचं, फक्त चेहरे जुळवायचे. खातो-जातो-गातो, पळतो-वळतो-गळतो, फुलते-झुलते-डुलते, हसतो-बसतो-फसतो, यातला प्रत्यय झाकला तरी उरलेलं जुळतंच. एक लक्षात ठेवा, 'हसतो' आपण लिहितो तीन अक्षरं पण बोलताना हस्-तो असं दोनच तुकड्यात बोलतो, त्यामुळे 'तो'च्या आधीचं व्यंजन आणि त्याच्या आधीचा स्वर असं दोन्ही जुळायला हवं. हसतो-दिसतो मधे स जुळला, स्वर नाही जुळला, मुलांच्या कवितेत खपून जातं पण ती निम्मी जोडी आहे हे माहीत असावं.

लेखी आणि बोली मिसळल्यानंही यमक मोडतं. 'पाखरू उडून गेले' आणि 'त्यानं घर केलं' हे कागदावर जवळचं वाटतं, मोठ्यानं वाचलं की एकात ए आणि दुसऱ्यात अं. एकतर गेले-केले लिहा नाहीतर गेलं-केलं, कवितेत एकच काहीतरी ठेवा. (शाळेत बऱ्याचदा लेखी रूपं हवी असतात, तेव्हा आधी मॅडमना विचारलेलं बरं.)

आणि आता मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग. भूतकाळात मराठी क्रियापद लिंगाप्रमाणे शेवट बदलतं, हे आपण व्याकरणाच्या तासाला रडत पाठ केलेलं असतं, पण कवितेत हीच मोठी सोय आहे. समजा पावसाळा आहे, ठाण्यात धो धो कोसळतोय, आणि तुम्हाला तेवढंच सांगायचंय. 'पाऊस' म्हणालात तर तो आला, आणि 'आला'ला नाला जुळतो. 'सर' म्हणालात तर ती आली, आणि 'आली'ला खाली जुळतं. 'पाणी' म्हणालात तर ते आलं, आणि 'आलं'ला जुळतं चहातलं आलं!

धो धो धो धो पाऊस आला
घरामागचा भरला नाला

वाऱ्यासोबत सर आली
छत्री उलटी, टोपी खाली

गुडघ्याएवढं पाणी आलं
आजी म्हणे, किस गं आलं

घटना एकच, पण कर्त्याचं लिंग बदललं की यमकाचं सगळं घराणंच बदलतं. आणि तिन्ही वेळा क्रियापदाची जोडी दुसऱ्या क्रियापदाशी लावलेली नाही, नाला हे नाम, खाली म्हणजे जागा, आलं म्हणजे स्वयंपाकघरातली वस्तू, म्हणून ऐकताना दर वेळी थोडा धक्का बसतो. 'खाल्ला, घेतला, दिला' असली क्रियापदं तर भूतकाळात कर्त्याकडे बघतच नाहीत, ज्यावर क्रिया होते त्या वस्तूकडे बघतात, ताईनं लाडू खाल्ला, ताईनं भजी खाल्ली, ताईनं केळं खाल्लं. म्हणजे ताई तीच ठेवून फक्त खाण्याची वस्तू बदलली तरी शेवट बदलतो. यमक अडलं की मुलांना शब्द शोधायला लावण्याआधी हे करून बघायला सांगा.

मग सरळ शेवटी नाम टाकलं की झालं?

नाही ना, तिथेही गणवेश आहेत. 'झाडावर, पाण्यावर, डोंगरावर' किंवा 'शाळेला, आईला, मित्राला' हे अगदी तेच झालं, वर झाकलं की झाडा-पाण्या-डोंगरा उरतं, शेवटी नुसता आ आहे. 'खाडीत-गाडीत' मात्र पास, कारण 'त' झाकून खाडी-गाडी उरतं. टेस्ट तीच आहे, नामालाही लावा.

खरी चांगली जोडी लागते ती वेगवेगळ्या जातीच्या शब्दांची, आणि ती मिळवायची एक सोपी जागा म्हणजे आज्ञा. मराठीत 'तू'ला सांगताना क्रियापदाला बहुतेक वेळा प्रत्ययच लागत नाही, नुसता धातू उरतो: थांब, सांग, पळ, हस. गणवेश काढला की हेच शब्द थेट नामांशी आणि विशेषणांशी जुळायला मोकळे होतात, थांब-लांब-खांब, सांग-रांग, पळ-फळ-तळ, हस-रस. शिवाय कवितेत कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगायला लागतं त्यामुळे यादीचा सूरही मोडतो. तसंच 'ऊन' लावलेली रूपं, पसरून, येऊन, बसून, त्यांना जून आहे, धून आहे, आणि डोक्यावरचं ऊनही आहे.

क्रियापद मधे ढकललं तर मराठी तुटत नाही का?

ही शंका भाचीच्या बाबांची. ते म्हणाले की असं उलटसुलट कोण बोलतं. तर त्यांना मी फक्त लहानपणीचं एक गाणं म्हणायला सांगितलं, ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा, पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा. आपल्याकडे प्रत्येकाला पाठ असलेल्या या चार ओळीत देतो, झाला, आला अशी तीन क्रियापदं आहेत ज्यांना प्रत्यय आहे, आणि तिन्ही ओळीच्या मधे आहेत! शेवटी काय आहे, पावसा-पैसा आणि खोटा-मोठा. कुणाला हे तुटकं मराठी वाटत नाही. बोलताना सुद्धा आपण 'आली का गाडी', 'कुठे गेला होतास इतका वेळ' असं सतत म्हणतो, क्रियापद शेवटी असणं ही सवय आहे, सक्ती नाही.

मर्यादा आहे, ती अशी की प्रत्येक ओळ उलटी केली तर तोही एक वेगळा कंटाळा होतो, आणि 'गेलो मी शाळेत काल' सारखी ओळ नुसती यमकासाठी वाकवलेली कळते. ओळ मोठ्यानं बोलून बघायची, ती वाक्यासारखी तोंडात बसली तर ठेवायची. कित्येकदा क्रियापद हलवण्यापेक्षा काढून टाकलेलं बरं, कारण मराठीत 'आहे' सहज गळतं: आकाश निळं, पाणी शांत. कुणाला काही कमी वाटत नाही.

आणि प्रत्येक ओळ जुळायलाच हवी असंही नाही. मोठ्या अभंगाचे चार चरण असतात, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे, आणि त्यात यमक असतं दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. गृहपाठात 'यमक जुळणारी' एवढंच लिहिलं असेल तर दोन-दोन ओळींना वेगळं यमक घेणं किंवा दुसरी आणि चौथी ओळ जुळवणं दोन्ही बसतं. आठही ओळींना एकच यमक हा सगळ्यात अवघड प्रकार आहे आणि मुलं 'तात'मुळे नकळत तोच निवडतात.

फ्लेमिंगोंचं शेवटी काय झालं

शनिवारी मी ठाण्याहून नेरुळची ट्रान्स हार्बर पकडून गेले आणि आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. मी ओळी दिल्या नाहीत, फक्त प्रश्न विचारले, कारण कविता तिची आहे. पहिला प्रश्न, तू फ्लेमिंगो बघितलेस तेव्हा काय म्हणालीस? ती म्हणाली, मी आईला म्हटलं थांब ना. झालं, 'थांब' मिळालं, आणि थांबला काय जुळतं म्हटल्यावर तिनं स्वतःच पाय दाखवले, लांब. मग कुठे होते? खाडीवर, सगळे मिळून. त्याला थवा म्हणतात हे तिला माहीत होतं, थवाला हवा तिला लगेच सुचलं. खाण्याची ओळ तिला ठेवायचीच होती, कारण फ्लेमिंगो चोच उलटी धरून पाण्यातलं गाळून खातात हे तिला फार आवडलेलं. किड्यांऐवजी तिनं शेवाळ घेतलं, छोट्या जातीचे फ्लेमिंगो मुख्यतः तेच खातात, आणि 'खाऊ' हा शब्द आला, जो नाम आहे आणि 'जाऊ' या क्रियापदाला जुळतो.

अडलं ते शेवटी. तिला कच्छ हवंच होतं, ती आठवी ओळ तिची लाडकी. आणि कच्छला जुळायला 'स्वच्छ'शिवाय काही सापडेना, मग 'पाणी स्वच्छ' असं तिनं लिहिलं आणि स्वतःच खोडलं, म्हणाली पण मावशी ते चिखलात असतात ना. खरंय! मग मी तिला एवढंच म्हटलं की महत्त्वाचा शब्द शेवटीच बसला पाहिजे असं कुठे आहे, कच्छला ओळीच्या मधे बसव आणि शेवटी दुसरं काहीतरी घे. ते कधी जातात? पावसाच्या आधी, म्हणजे जून. बाकी तिनं केलं:

थांब ना गं आई, थांब!
बघ ते पाय किती लांब
खाडीवरती गुलाबी थवा
अंगाला लागते गार हवा
उलटी चोच, शेवाळाचा खाऊ
चल ना, थोडं जवळ जाऊ
ढग घेऊन येईल जून
जातील कच्छला पंख पसरून

बोट ठेवून बघा. थांब ही आज्ञा आणि लांब हे विशेषण, थवा-हवा दोन्ही नामं पण प्रत्यय नसलेली, खाऊ नाम आणि जाऊ क्रियापद, जून महिना आणि पसरून हे 'ऊन'वालं रूप. लागते, येईल, जातील ही क्रियापदं आहेतच, फक्त ओळीच्या टोकाला नाहीत. पहिल्या कवितेतलं 'सगळ्यांना आवडतात' गेलं, त्याची गरजच उरली नाही, कारण ती आईला थांबवतेय यातच ते आलं.

बहिणीनं विचारलं की दोन ओळीत क्रियापदच नाही, मॅडम मार्क कापणार नाहीत ना. सूचनेत यमक मागितलंय आणि चारही जोड्यांमधे ते आहे, आणि एकाही जोडीत दोन्हीकडे तोच गणवेश नाही. भाचीनं मात्र 'पसरून'खाली पेन्सिलनं रेघ मारून ठेवलीय, तिला तिथे 'उघडून' जास्त आवडतंय आणि सोमवारपर्यंत ती ठरवणार आहे.